धुतलेल्या कपड्यांना कपाटात पुन्हा पुन्हा कुबट वास का येतो

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात आमच्या लाँड्रीत एक ठरलेली गर्दी होते. ठाण्यात पाचपाखाडीत आमचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि नवरा बघतो. त्या आठवड्यात येणाऱ्या गाठोड्यांमध्ये मळके कपडे फारसे नसतात. धुतलेले, घडी घातलेले, कधी कधी आमच्याच इस्त्रीचे कपडे परत येतात, आणि गाठोडं सोडायच्या आतच समोरचं माणूस सांगतं, "वास येतोय हो."

आम्ही ते धुतो, वाळवतो, इस्त्री करून देतो. निम्मे लोक दिवाळीच्या तोंडावर तेच कपडे घेऊन पुन्हा येतात.

माझी बरीच वर्षं अशी समजूत होती की आपलंच कुठेतरी चुकतंय. साबण बदलून पाहिला, सुगंधी कंडिशनर जास्त घालून पाहिला. वर्तकनगरच्या एक काकू तिसऱ्यांदा तेच बावीस कपडे घेऊन आल्या तेव्हा मात्र मी जरा हट्टाला पेटले. काकू चांगल्याच वैतागलेल्या होत्या. "तुमच्याकडून आणते तेव्हा छान वास असतो. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तुम्ही नीट वाळवत नसाल," असं त्या तोंडावर म्हणाल्या. त्यांचंही चुकलं नव्हतं, कारण अर्धवट वाळलेला कपडा घडी केला तर वास येतोच.

मी त्यांना म्हटलं, "काकू, यातला एकसारखा एक जोड निवडा. एक कुर्ता तुमच्याकडे राहू दे, दुसरा माझ्याकडे. दहा दिवसांनी दोन्ही बघू." दोन्ही कुर्ते एकाच बादलीत धुतले, एकाच दोरीवर वाळवले. माझा कुर्ता दुकानातल्या लोखंडी कपाटात ठेवला, त्यांचा त्यांनी घरी नेऊन नेहमीच्या जागी ठेवला. दहा दिवसांनी त्यांच्या कुर्त्याला तोच जुना वास होता आणि माझ्याला काही नव्हता.

म्हणजे दोष धुण्यात नव्हता. कपाटात होता. तुमच्याकडेही वास दरवर्षी परत येत असेल तर हा दोन कपड्यांचा खेळ आधी करून बघा. दुसरा कपडा शेजारणीकडे ठेवा, बहिणीकडे ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. दोन्हींना वास आला तर गडबड धुण्या-वाळवण्यात आहे. फक्त घरच्याला आला तर तुम्ही कितीही धुवा, काही उपयोग नाही.

वास कुठला, हे नाकाने ओळखा

कपड्यांचे वास दोन जातींचे असतात आणि दोन्हींना आपण "कुबट" म्हणून मोकळे होतो. त्यामुळेच इलाज चुकतो.

पहिला वास आंबूस, ओल्या फडक्यासारखा असतो. पावसात घरातल्या दोरीवर कपडा दीड-दोन दिवस ओला राहिला की जिवाणू वाढतात आणि धाग्यात राहिलेल्या घामावर, तेलावर जगतात. जपानी संशोधकांनी २०१२ साली असल्या कपड्यांमधून मोराक्सेला नावाचा जिवाणू वेगळा काढून दाखवला होता. या वासाची खोड अशी की कपडा कोरडा असताना तो लपून बसतो. अंगात घालून घाम आला, किंवा वाफेची इस्त्री फिरली, की उठतो. इस्त्री करताना आम्हाला तो लगेच कळतो. हा वास नुसत्या उन्हाने पुरता जात नाही, कपडा गरम पाण्यात धुवावाच लागतो.

दुसरा वास मातीचा, जुन्या पुस्तकांचा, बंद खोलीचा असतो. तो बुरशीचा. बुरशी बहुतेक वेळा कपड्यावर नसतेच. ती असते कपाटाच्या पाठीच्या प्लायवर, खणात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर, कोपऱ्यातल्या धुळीवर. तिचा वास हवेत सुटतो आणि सुती-रेशमी कपडा तो शोषून घेतो. असा कपडा मोकळ्या कोरड्या हवेत दोन दिवस टांगला की धुण्याशिवाय बरा होतो. म्हणून सगळं कपाट उपसून थेट वॉशिंग मशीनमध्ये कोंबायची घाई करू नका. निम्म्याहून जास्त कपड्यांना पाणी लागायची गरज नसते.

वास घेताना एक लक्षात ठेवा. आपल्या घराचा वास आपल्याच नाकाला कळत नाही. कपडा स्टीलच्या कोरड्या डब्यात रात्रभर बंद करून ठेवा आणि सकाळी घराबाहेर, जिन्यात जाऊन झाकण उघडा. पहिल्या श्वासाला जे कळतं ते खरं.

कपाटात पाणी असतं, आणि ते थोडं नसतं

काकूंच्या घरी मी गेले ते आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घेऊन. हा मीटर ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळतो. हवेत ओल किती टक्के आहे ते पडद्यावर दिसतं. बेडरूममध्ये त्याने ६८ दाखवले. मग तो कपाटात खालच्या खणात कपड्यांच्या मागे ठेवला, दार लावलं आणि चहा घेऊन तासाभराने पाहिलं. ८१.

बुरशीला साधारण सत्तरच्या वरची ओल बरेच दिवस सलग मिळाली की ती वाढू लागते. साठच्या खाली आणली तर बहुतेक वेळा ती थांबते. मरत नाही, थांबते. म्हणजे सगळी लढाई या दोन आकड्यांमधली आहे.

काकूंनी त्या खणात ओल शोषणाऱ्या खड्यांच्या दोन डब्या ठेवल्या होत्या. दोन्ही काठापर्यंत पाण्याने भरल्या होत्या. "दर महिन्याला बदलते ग मी," त्या म्हणाल्या. "मग ही ओल येते कुठून?"

उत्तर कपड्यांतच आहे. सुती कापड कोरडं दिसलं तरी हवेतलं पाणी धरून ठेवतं. हवेत ६५ टक्के ओल असताना सुताच्या वजनाच्या जवळपास आठ टक्के पाणी त्यात असतं. रेशमात अकरा टक्के, लोकरीत सोळा टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टरमध्ये मात्र अर्धा टक्कासुद्धा नसतं, म्हणून पॉलिस्टरच्या साड्यांना वास कमी लागतो. काकूंच्या कपाटात चादरी, कुर्ते, सुती साड्या धरून तीस किलो तरी सूत असेल. म्हणजे चांगल्या दिवसांतही त्यात अडीच लिटरच्या आसपास पाणी मुरलेलं. पावसाळ्यात आतली ओल ऐंशीच्या वर गेली की त्यात पाऊण-एक लिटरची भर पडते. तुमची डबी महिन्याला पाव-अर्धा लिटर ओढणार, आणि पावसाळ्यात दाराच्या फटीतून तेवढं पुन्हा आत येणार. डब्या वाईट नाहीत. पण ओल्या कपाटात त्या ठेवणं म्हणजे भरलेल्या टाकीला पेला लावण्यासारखं आहे. आधी कपाट आणि कपडे दोन्ही कोरडे व्हायला हवेत, मग डबीला राखण करायला बसवावं.

वेळ चुकते ती घटस्थापनेलाच

हे मला काकूंच्या घरी मीटर बघताना कळलं, आणि आता दुकानात प्रत्येकाला सांगते. आपल्याकडे घराची मोठी साफसफाई नवरात्राच्या आधी होते. अंथरुणं धुवायची, कपाटं उपसायची, सगळं चकचकीत करून घट बसवायचे. रीत चांगली आहे. पण ती तारीख बहुतेक वर्षी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडते. मुंबई भागातून पाऊस माघारी फिरायची हवामान खात्याची सरासरी तारीख आहे ८ ऑक्टोबर. म्हणजे कपाट आपण नेमकं पाऊस जायच्या आधी उपसतो, दमट हवेत पुसतो, दमट हवेतच कपडे भरतो आणि दार लावतो. आत कोंडलेली ओल ऑक्टोबरच्या उकाड्यात बुरशीला गरम दुलईसारखी मिळते. महिन्याभराने दिवाळीला साडी काढावी, तर वास.

नवरात्राची साफसफाई जरूर करा, पण कपाट भरणं कोजागरी ते दिवाळी या मधल्या दिवसांसाठी ठेवा. पाऊस गेल्यावर जो कडक उन्हाळा येतो, ज्याला सगळे ऑक्टोबर हीट म्हणून शिव्या घालतात, तो कपड्यांसाठी वरदान आहे. त्यातही वेळ पाहावी लागते. ठाण्यात सकाळी सातला मीटर बाल्कनीत ठेवा, ऐंशीच्या पुढे दाखवेल. खाडी जवळ आहे, रात्रभर दव आणि ओल असते. दुपारी एक-दोनला तोच मीटर पन्नासच्या जवळ येतो. त्यामुळे कपाटाची दारं उघडायची ती अकरा ते चार. सकाळी "ताजी हवा लागू दे" म्हणून दारं उघडणारी मंडळी खरं तर ओल आत घेत असतात. सूर्य कलायच्या आत दारं बंद.

आधी कपाट, मग कपडे

काकूंचं कपाट भिंतीत बसवलेलं होतं. पाठीला पातळ प्लाय, त्यामागे पश्चिमेची बाहेरची भिंत. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ठाण्यातल्या कुठल्याही इमारतीत याच बाजूच्या भिंती आधी ओल धरतात. खालच्या खणाची पाठ हाताला गार लागत होती. नखाने दाबली तर सनमायका किंचित आत गेला.

पण गार लागणं हा पुरावा नाही. भिंतीतून पाणी झिरपतंय, की खोलीतल्या दमट हवेचं पाणी गार भिंतीवर जमतंय, हे वेगळं करायला लागतं. त्यासाठी कपाटाशेजारच्या मोकळ्या भिंतीवर वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवली आणि दोन दिवस ठेवली. फॉइलच्या मागे, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं तर भिंत झिरपते आहे. समोरच्या बाजूला दव आलं तर दोष खोलीच्या हवेचा आहे. काकूंच्या फॉइलची पाठ ओली होती. वरच्या खिडकीच्या छज्जाखाली गिलाव्याला लांब चीर होती, ती सोसायटीच्या गच्चीवरून वाकून पाहिल्यावर दिसली.

इथे मी काकूंना स्पष्ट सांगितलं की चीर बुजवल्याशिवाय खालचा खण कधीच पुरता कोरडा होणार नाही. चीर बुजवायची ती बाहेरून, आणि भिंत वाळल्यावर. आतून रंग चढवून काही होत नाही. ओल्या भिंतीवर तो सहा महिन्यांत फुगून पापुद्रे सोडतो. सोसायटीने ते काम दिवाळीनंतर केलं. तोवर खालचा खण रिकामा ठेवायचा असं ठरलं, आणि त्यांनी तिथे प्लास्टिकच्या चपला ठेवल्या.

कपाट साफ करायची पद्धत सोपी आहे, फक्त क्रम पाळायचा. सगळे कपडे बाहेर. अंथरलेले कागद टाकून द्यायचे, परत वापरायचे नाहीत. वर्तमानपत्र ओल शोषतं आणि तशीच धरून ठेवतं, पुढे बुरशीला ते खायलाही होतं. मास्क लावून कोपऱ्यातली धूळ ओलसर फडक्याने टिपून घ्यायची, झटकायची नाही. झटकली की बुरशीचे कण खोलीभर उडतात. घरात दमेकरी असेल तर त्या दिवशी त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. मग पांढरं व्हिनेगर, पाणी न घालता, फडक्यावर घेऊन पाठ, खणांच्या खालच्या बाजू आणि दाराच्या आतल्या कडा पुसायच्या. खणांची खालची बाजू सगळे विसरतात आणि बुरशी नेमकी तिथेच असते. तासभर तसंच ठेवून कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. व्हिनेगरचा वास संध्याकाळपर्यंत जातो.

पुढची पायरी घाईत वगळली जाते. कपाट रिकामं ठेवून, दारं उघडी टाकून, समोर टेबल फॅन लावून किमान दोन दुपारी जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी दार बंद करून मीटर आत ठेवा. दोन-तीन तासांनी आकडा साठच्या आत स्थिरावला तर भरा. काकूंच्या वरच्या तीन खणांचा आकडा तिसऱ्या दिवशी ५७ वर आला. खालच्याचा ७४ वर अडून बसला.

सुताराला बोलावणार असाल तर पाठीच्या प्लायला खाली आणि वर दोन-दोन गोल भोकं पाडून जाळी बसवून घ्या, आणि सुटं कपाट असेल तर ते भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे ओढा. एवढ्याने मागची हवा हलू लागते.

हवेवर टाकायचे कपडे

बुरशीच्या वासाचे पण डाग नसलेले कपडे घडी मोडून, उलटे करून दोरीवर टाका. घडीवरच दोरीवर टाकलेली चादर वरून तापते आणि पोटातून गारच राहते. रंगीत सुती कपड्यांना दोन-तीन तास ऊन पुरे, मग सावलीत. पांढऱ्यांना दिवसभर चालतं. पैठणी आणि इतर रेशमी साड्यांना ऊन अजिबात दाखवू नका, रंग उडतो. खोलीत पंख्याखाली, जुन्या सुती साडीवर अंथरून एक दुपार, दुसऱ्या दुपारी उलट बाजू. पुन्हा घडी घालताना जुन्या मोडीवर घालू नका, जरीचा धागा तिथेच तुटतो. मग धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा.

आणि आमच्यासारख्या दुकानातून कपड्यांवर येणारी प्लास्टिकची पिशवी घरी गेल्या गेल्या काढून टाका. ती फक्त वाटेतल्या धुळीसाठी असते. आमची इस्त्री वाफेची आहे, कपडा दुकानातून निघतो तेव्हा त्यात थोडी वाफ असतेच. त्याला तासभर हँगरवर मोकळा टांगून मग कपाटात ठेवलं तर बरं. पिशवीसकट ठेवलेला कोट दिवाळीत आमच्याकडेच परत येतो.

कपडा खरंच वाळला का हे हाताला नीट कळत नाही, निदान जाड चादर, जीन्स, टॉवेल यांच्या बाबतीत. माझी युक्ती अशी आहे. मोठ्या घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत कपडा आणि मीटर दोन्ही घालून तीन तास ठेवायचे. पिशवीतली हवा कपड्याच्या ओलीएवढीच ओली होते. आकडा साठच्या आत आला तर घडी घाला, पासष्टच्या पुढे गेला तर पुन्हा दोरीवर. पहिल्यांदा केलं तेव्हा माझीच जीन्स ७३ दाखवत होती, आणि मी ती "कडक वाळली" म्हणून घडी घालायला घेतली होती.

पुन्हा धुवायचे कपडे

आंबूस वासाचे, किंवा बुरशीचे ठिपके असलेले कपडे धुवावे लागतात. ठिपके आधी बाहेर, बाल्कनीत, कोरड्या ब्रशने झाडा. ओलं करून चोळलं तर ठिपका धाग्यात आणखी खोल जातो.

सुती आणि सुती-पॉलिस्टर कपड्यांसाठी आमच्याकडे जे चालतं ते असं. बादलीत दहा लिटर कडकडीत गरम पाणी, म्हणजे पन्नास-साठ अंशांचं. गीझर पूर्ण तापवला तर साधारण तेवढं मिळतं. हात दोन-तीन सेकंदांपेक्षा आत ठेववत नाही असं. त्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाने विरघळवायची आणि कपडे तासभर बुडवून ठेवायचे. ही पावडर गरम पाण्यातच जोर धरते. गार पाण्यात टाकून "काही झालं नाही" म्हणणारे बरेच भेटतात. रंगीत कपडा आधी आतल्या शिवणीवर एक थेंब लावून तपासा. नंतर नेहमीसारखं धुवा, पण साबण निम्मा.

निम्मा साबण म्हटलं की सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. पण जास्त साबण नीट खंगळला जात नाही, धाग्यात थर राहतो, आणि जिवाणूंना तो थर आवडतो. सुगंधी कंडिशनरचंही तसंच. तो धाग्यावर मऊ पापुद्रा चढवतो, टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि वास आतच अडकतो. वासावर सुगंध ओतायची आमची चूक आम्ही दोन हंगाम केली.

शेवटच्या पाण्यात, साबण आणि ब्लीच दोन्ही पूर्ण निघाल्यावर, बादलीला अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून कपडे दहा मिनिटं ठेवायचे आणि पिळून थेट उन्हात. कपडा वाळला की त्याचा वास राहत नाही. एक ठाम सांगणं आहे: पांढऱ्या कपड्यांचं क्लोरिनवालं ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो, आणि आपल्या बाथरूमना खिडकी म्हणजे नावाला झरोका असतो.

समोरून दार असलेलं मशीन असेल तर दाराच्या रबराची घडी बोटाने उलगडून बघा. तिथे काळा बुळबुळीत थर सापडला तर कपड्याला वास तिथूनच लागतोय. तो पुसून काढा, कपडे न घालता सर्वांत गरम पाण्याचं एक चक्र फिरवा, आणि एरवी दार उघडं ठेवा.

लोकर आणि रेशीम या बादलीत घालू नका. ड्रायक्लीनिंगने तेलकट मळ निघतो, पण पाण्यात विरघळणारा मळ आणि त्याचा वास मागे राहू शकतो. म्हणून रेशमी साडी आणलीत तर आम्ही आधी दोन दिवस हवेवर टांगायला सांगतो. बहुतेकांना मग ड्रायक्लीनिंग लागत नाही, आणि आमचं गिऱ्हाईक जातं, ते जाऊ द्या.

सुती कापडावरचे काळे ठिपके पडून महिना-दोन महिने झाले असतील तर वास जाईल, डाग राहील. दोनदा बुडवूनही डाग तसाच असेल तर तिसऱ्यांदा घासू नका. बुरशीने तिथला धागा खाल्लेला असतो आणि कापड जाळीसारखं विरतं.

डांबरगोळ्यांबद्दल

डांबरगोळ्या किड्यांसाठी आहेत, ओलीसाठी नाहीत. त्या वास मारत नाहीत, वासावर वास चढवतात. कापूर आणि डांबरगोळी एका पुरचुंडीत तर ठेवूच नका. दोन्ही मिळून पाझरतात आणि कापडावर तेलकट डाग पडतो. आणि बाळाचे कपडे, दुपटी, झबली यांच्यात त्या मुळीच नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता जन्मतः असते, त्यांना या गोळ्यांच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. आधीच्या बाळाचे, गोळ्यांत ठेवलेले कपडे धुऊन, आठवडाभर उन्हात-हवेत टाकूनच नव्या बाळाला घाला.

पुढच्या जूनसाठी काकूंनी विचारलं, "पावसात काय करू मग?" पावसात खिडकी उघडून कपाट वाळत नाही. बेडरूममध्ये एसी असेल तर आठवड्यातून दोनदा, तो ड्राय मोडवर लावून, खोली बंद करून, कपाटाची दारं दोन तास उघडी ठेवायची. एसी नसेल तर उघडीप मिळालेल्या दुपारी पंखा. खण गच्च भरायचे नाहीत, हाताचा पंजा कपड्यांच्या मागे सहज जायला हवा. मीटर खालच्या खणातच राहू द्यायचा. आणि दिवसभर अंगात घातलेला, "एकदाच घातलाय" असा कुर्ता धुतलेल्यांत परत जायचा नाही, तो दाराच्या खुंटीला.

यंदा नवरात्राआधीच्या आठवड्यात काकू आल्या. हातात गाठोडं नव्हतं. फोनवर कपाटातल्या मीटरचा फोटो दाखवला. वरच्या खणात ६६, खालच्यात ६९. "चपला काढू का आता तिथून?" असं विचारत होत्या. मी म्हटलं, "कोजागरी होऊ द्या काकू. साठच्या खाली उतरला की काढा."